रिमोट कंपनी तुमचा पगार गावावरून कसा ठरवते

समजा, एका टीममध्ये तिघे सीनियर बॅकएंड इंजिनीअर आहेत. एक सॅन फ्रान्सिस्कोत, एक डेन्व्हरला, एक सांगलीत. तिघांचं पद एकच, ऑन-कॉलच्या पाळ्या सारख्या, आणि एकमेकांचा कोड तपासणं रोजचंच. पगार मात्र पहिल्याला वर्षाला 1,50,000 डॉलर, दुसऱ्याला 1,32,000 आणि तिसऱ्याला 63,000. हे आकडे मी लेखासाठी घेतले आहेत, पण जगभर घरून काम करणाऱ्या टीममध्ये असा फरक रोज दिसतो.

सांगलीचा इंजिनीअर एचआरला विचारतो, काम तेच असताना पगार निम्म्याहून कमी का? उत्तर बहुतेक वेळा असं येतं: “तुमच्याकडे राहणीमान स्वस्त आहे ना.” हे ऐकून तो घरभाडं, मुलांच्या शाळेची फी, गृहकर्जाचा हप्ता यांचा हिशेब मांडायला बसतो, आणि तिथेच फसतो. त्याचा पगार त्याच्या खर्चावरून ठरलेलाच नसतो. असे पगार मुख्यतः मार्केट रेटवरून ठरतात, म्हणजे त्या भागात असं काम करणारा माणूस साधारण किती पगाराला मिळतो यावरून. राहणीमानाचा खर्च आणि मार्केट रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाकीचं बरंचसं हा फरक कळला की कळतं.

खर्चावरून दिलेला पैसा कसा दिसतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता घ्या. शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. पुणे एक्समध्ये, कोल्हापूर वायमध्ये, आणि लहान गावं झेडमध्ये. सातव्या वेतन आयोगानंतर भत्त्याचे दर मूळ वेतनाच्या 24, 16 आणि 8 टक्के होते. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोचल्यावर ते 30, 20 आणि 10 झाले. इथे मूळ वेतन सगळीकडे सारखंच असतं. कामाची किंमत एकच धरली जाते, आणि शहर महाग आहे म्हणून वर वेगळी रक्कम मिळते. रिमोट कंपनीत नेमकं उलट होतं. तिथे मूळ वेतनच जागेप्रमाणे बदलतं.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने हे दुसऱ्या पद्धतीने केलं आहे. 1990 च्या कायद्याने तिथे ठिकाणानुसार वेतनवाढ आली. त्यात एखाद्या शहरात किती द्यायचं हे तिथल्या घरभाड्यावरून ठरत नाही. तशाच कामाला तिथे सरकारबाहेर काय मिळतं त्यावरून ठरतं. खाजगी कंपन्या करतात ते याच जातीचं आहे, फक्त बऱ्याच कंपन्या ते मोकळेपणाने सांगत नाहीत.

एका कंपनीने मात्र ते उघडपणे मांडलं होतं, म्हणून तिचं उदाहरण घेतो. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी पहिल्यापासून ऑफिसशिवाय चालते. पगार कसा ठरतो हे तिने आपल्या सार्वजनिक हँडबुकमध्ये लिहून ठेवलं, आणि बरीच वर्षं तिथे एक कॅल्क्युलेटरही होता. सूत्राचा गाभा सोपा होता: त्या पदाचा सॅन फ्रान्सिस्कोतला दर, गुणिले जागेचा गुणक, गुणिले लेव्हलचा गुणक, गुणिले माणूस आपल्या पट्ट्यात, म्हणजे त्या पदाच्या किमान आणि कमाल पगारांमध्ये, कुठे बसतो त्याचा गुणक.

सुरुवातीच्या काळात जागेचा गुणक घरभाड्याच्या निर्देशांकावरून काढला जायचा. त्यामुळे अनेकांना वाटलं की कंपनी आपलं भाडं बघून पगार देते. प्रत्यक्षात कंपनीने वेगवेगळे निर्देशांक ताडून पाहिले होते. एखाद्या शहरातल्या पगारांशी सगळ्यात जास्त जुळणारा आकडा एकूण राहणीमानाचा निघाला नाही, तो भाड्याचा निघाला. याचं कारणही सरळ आहे. जिथे पगार जास्त, तिथे लोक घरासाठी जास्त मोजायला तयार होतात आणि भाडं चढतं. म्हणजे भाडं हे पगाराचं कारण म्हणून घेतलं नव्हतं, पगार ओळखायची खूण म्हणून घेतलं होतं. पुढे पगारांची प्रत्यक्ष माहिती हाताशी आली तशी कंपनी तिच्याकडे वळली.

ही खूण कुठे चुकते हे बघायला आपल्याला लांब जायला नको. गोव्यात पर्यटनामुळे आणि बाहेरून येऊन राहणाऱ्यांमुळे भाडी वाढली, पण म्हणून पणजीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे पगार त्या प्रमाणात वाढतातच असं नाही. मुंबईत घर बेंगळुरूपेक्षा महाग, तरी सॉफ्टवेअर इंजिनीअरला मुंबईत त्या प्रमाणात जास्त मिळत नाही, कारण या कामाचा भाव मुंबईत ठरत नाही, तो मुख्यतः बेंगळुरूत ठरतो. मार्केट रेट म्हणजे काय हे मला विचाराल तर मी हेच उदाहरण देईन.

आता हा दर प्रत्यक्षात कसा काढतात ते पाहू. कंपनी पगाराच्या सर्वेक्षणाची माहिती विकत घेते. मर्सर किंवा एऑनची रॅडफर्ड ही या धंद्यातली नेहमीची नावं. सर्वेक्षणात भाग घेणाऱ्या कंपन्या आपापल्या लोकांचे पगार पद आणि लेव्हलप्रमाणे कळवतात, आणि बदल्यात त्यांना सगळ्यांचं एकत्रित चित्र मिळतं. मग कंपनी ठरवते की आपण या रांगेत कुठे उभं राहायचं: मधोमध, म्हणजे निम्म्या कंपन्या आपल्याहून कमी देतात तिथे, की वरच्या चतुर्थांशात. त्यानंतर एका शहराला शंभर टक्के मानून बाकीच्या ठिकाणांचे गट पाडले जातात. यांनाच टिअर किंवा झोन म्हणतात. अमेरिकेत शहरांचे तीन-चार गट असतात, पण भारत पुष्कळदा सगळाच एका गटात टाकलेला असतो. म्हणून सांगलीचा माणूस पुण्याला आला तरी त्याचा पगार बहुधा हलत नाही, आणि डेन्व्हरचा सॅन फ्रान्सिस्कोला गेला तर हलतो. राहणीमान हाच खरा निकष असता, तर सांगली आणि पुणे एका गटात कधीच आले नसते.

आपल्या उदाहरणात भारताचा गुणक 0.42 आहे. 1,50,000 चे 42 टक्के म्हणजे 63,000. एक डॉलर 85 रुपये धरला तर 53 लाख 55 हजार रुपये. हा पट्ट्याचा मध्य झाला. पट्टा सहसा मध्याच्या 80 टक्क्यांपासून 120 टक्क्यांपर्यंत असतो, आणि नव्या माणसाला अनेकदा मध्याच्या थोडं खाली, समजा 90 टक्क्यांवर घेतात. म्हणजे हातात येते ती ऑफर 56,700 डॉलरची, सुमारे 48 लाख 20 हजारांची.

मालकांच्या बाजूने यासाठी जी कारणं दिली जातात, ती सगळी सारख्या वजनाची नाहीत.

सगळ्यात लंगडं कारण राहणीमानाचं. वस्तू-सेवांच्या किमतींची तुलना केली, तर अमेरिकेत एका डॉलरला येणारा माल भारतात साधारण वीस-बावीस रुपयांत येतो, हे खरं आहे. त्या हिशेबाने सांगलीकराला अमेरिकेतल्या पगाराच्या पावपट मिळाले तरी त्याचं भागलं पाहिजे, आणि 42 टक्के म्हणजे कंपनीचं औदार्यच म्हणायचं! पण ही तुलना रोजच्या खर्चाची आहे, बचतीची नाही. लॅपटॉप, विमानाचं तिकीट, मुलाचं परदेशातलं शिक्षण यांना पावपट भाव लागत नाही. पुण्यातला फ्लॅटही अमेरिकेतल्या घराच्या पावपट दरात मिळेल असं कुणी गृहीत धरू नये. शिवाय खर्च हाच निकष असेल, तर तीन मुलांच्या बापाला एकट्या माणसापेक्षा जास्त पगार द्यावा लागेल. तसं कुठलीच कंपनी करत नाही, आणि करूही नये. माझं स्पष्ट मत आहे की एचआरने हे कारण देणं थांबवावं. ते चुकीचं तर आहेच, वर ऐकणाऱ्याला अपमानास्पदही वाटतं, कारण त्यातून ‘तुला इतकं पुरेल’ असा अर्थ निघतो.

खरं कारण मार्केट रेटचं. कंपनी म्हणते, आम्ही चांगला माणूस मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी लागेल तेवढं देतो. सांगलीतला माणूस सोडून जाईल तर पुण्या-बेंगळुरूच्या ऑफरसाठी जाईल, म्हणून आम्हाला त्या ऑफरच्या वर राहिलं की पुरे. हे ऐकायला रूक्ष आहे, पण प्रामाणिक आहे.

गिटलॅबने आपल्या हँडबुकमध्ये आणखी काही कारणं लिहिली होती. सगळ्यांना सर्वात महाग शहराचा दर दिला तर त्याच पैशात कमी माणसं घेता येतील. असा दर कमी पगाराच्या देशांतल्या लोकांना फारच लाभाचा ठरेल, त्यामुळे भरती तिथेच एकवटेल, आणि टीम जगभर पसरलेली राहणार नाही. आणि जिथे आजूबाजूच्या कित्येक पट पगार मिळतो, तिथे माणूस कामात रस उरला नाही तरी केवळ पैशासाठी चिकटून राहील. यातलं पहिलं कारण हिशेबाचं आहे आणि पटण्यासारखं आहे. शेवटचं मला पटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या माणसालाही शेअर्सच्या आशेने कंपन्या बांधून ठेवतातच, आणि तिथे कुणी त्याच्या मनःस्थितीची काळजी करून शेअर्स कमी देत नाही.

आता मार्केट रेटचं कारण मान्य केलं तरी त्यात एक मोठी फट राहते. या पद्धतीत सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

एका देशाला एकच गुणक लावला की तो सगळ्या लेव्हलना लागतो. प्रत्यक्षात भारत आणि अमेरिका यांच्या पगारांतलं अंतर प्रत्येक लेव्हलला सारखं नसतं. नुकत्याच पास झालेल्या मुलाला आपल्याकडे मोठ्या आयटी सेवा कंपनीत वर्षाला साडेतीन-चार लाखांची सुरुवात मिळते. अमेरिकेतल्या त्याच्या बरोबरीच्या मुलाच्या पगाराचा हा अगदी लहान तुकडा आहे, दहा टक्केही भरत नाही. दहा-बारा वर्षांच्या अनुभवी इंजिनीअरचं तसं नाही. त्याला बेंगळुरू-पुण्यातली परदेशी कंपन्यांची केंद्रं, मोठ्या स्टार्टअप आणि इतर रिमोट कंपन्या मागत असतात. त्यामुळे त्याचा पगार अमेरिकेतल्या पगाराच्या बऱ्याच मोठ्या हिश्श्यापर्यंत पोचलेला असतो. म्हणजे माणूस जितका वरच्या लेव्हलचा, तितकं अंतर कमी.

अशा वेळी सगळ्यांना 0.42 लावलं तर काय होतं? नवख्याला गावात कुणी देणार नाही इतका पगार मिळतो आणि तो खूश असतो. वरच्या लेव्हलच्या माणसाला मात्र बाजारापेक्षा कमी मिळतं, आणि तोच सोडून जातो. मग कंपनीत चर्चा सुरू होते की भारतातले सीनियर टिकत नाहीत. कारण लोकांच्या स्वभावात शोधलं जातं, आणि दोष गुणकाचा असतो. कुणाला आपल्या कंपनीत हे तपासायचं असेल तर एक साधी खूण आहे. एकाच देशात ज्युनियर जागांना अर्जांचा पाऊस पडतो, वरच्या जागा महिनोन्महिने रिकाम्या राहतात आणि शेवटच्या टप्प्यातल्या ऑफर नाकारल्या जातात, तर गुणक लेव्हलप्रमाणे वेगळा करायची वेळ आलेली आहे.

दुसरी चूक बाजाराच्या व्याख्येत आहे. सर्वेक्षणात भारताच्या नावाखाली जे पगार येतात, त्यांत भारतातल्या ऑफिसांत काम करणाऱ्यांचे पगार भरपूर असतात. पण ज्याने तीन-चार वर्षं परदेशी टीमबरोबर रात्री-बेरात्री, लिखित संवादावर, स्वतःच्या जबाबदारीवर काम केलं आहे, त्याच्या पुढच्या ऑफर पुण्यातून येतातच असं नाही. त्या बर्लिनहून किंवा टोरोंटोहूनही येतात. त्याचा बाजार गावाने ठरत नाही, आणि सर्वेक्षण त्याला गावात मोजतं. ही माहिती गोळा होऊन छापली जाईपर्यंत जुनीही झालेली असते, त्यामुळे पगार झपाट्याने चढत असतील तेव्हा तक्ता मागे राहतो.

तिसरी गोष्ट चलनाची, आणि ती बरेच जण ऑफर घेताना बघतच नाहीत. पगार रुपयांत ठरला आणि तक्ता डॉलरचा असेल, तर तक्त्यातला विनिमय दर केव्हा बदलतो हे महत्त्वाचं ठरतं. वरच्या उदाहरणात डॉलर 85 वरून 90 झाला तर 63,000 डॉलरचे 56 लाख 70 हजार होतात. रुपयांत पगार बांधलेल्याच्या हाती तेच 53 लाख 55 हजार राहतात. वर्षाचे तीन लाख पंधरा हजार कंपनीकडे राहतात, आणि पगारकपात म्हणून ती गोष्ट कुठेही नोंदली जात नाही.

जागा बदलल्यावर पगार बदलतो तेव्हा हे सगळं फार टोचतं. मे 2020 मध्ये मार्क झुकरबर्गने फेसबुकच्या लोकांना सांगितलं की घरून काम करताना दुसरीकडे राहायला गेलात तर 1 जानेवारी 2021 पर्यंत कळवा, पगार नव्या जागेप्रमाणे होईल. त्याच वर्षी व्हीएमवेअरमध्ये सिलिकॉन व्हॅलीतून डेन्व्हरला गेलेल्याला 18 टक्के कपात होती. स्ट्राइपने महाग शहर सोडणाऱ्यांना एकदाच 20,000 डॉलर देऊ केले आणि बदल्यात पगारात 10 टक्क्यांपर्यंत कपात ठेवली. माणूस तोच, काम तेच, आणि एक विमानप्रवास झाल्यावर कामाची किंमत उतरली. बाजाराचा युक्तिवाद कागदावर इथेही लागू पडतो, पण त्या माणसाने काम करून दाखवलेलं असतं. म्हणून नव्या भरतीला जागेचा दर लावणं आणि जुन्या माणसाचा पगार कापणं या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही.

हे जागेचे गट बंद करणाऱ्या कंपन्याही आहेत. रेडिटने ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेतले जागेचे झोन काढून टाकले. एअरबीएनबीने एप्रिल 2022 मध्ये जाहीर केलं की एका देशात एकच पगारश्रेणी राहील. बातम्यांत याचा मोठा गाजावाजा झाला, पण सांगलीच्या दृष्टीने त्यात काही बदललं नाही, कारण समानता देशाच्या सीमेपर्यंतच होती. देशांची सीमाही ओलांडणारी थर्टीसेव्हन सिग्नल्ससारखी कंपनी विरळा. ती पद आणि लेव्हल पाहून सगळ्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारावर बेतलेला पगार देते, मग माणूस कुठेही राहो. तिला ते जमतं, कारण तिने माणसांची संख्या जाणूनबुजून कमी ठेवली आहे. गिटलॅबच्या ‘कमी माणसं घेता येतील’ या वाक्याची दुसरी बाजू म्हणजे ही कंपनी.

कायदा इथे मदतीला येईल का, असं बरेच जण विचारतात. ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी 1982 च्या रणधीर सिंग खटल्यापासून उचलून धरलं, पण ते सरकारी नोकरांच्या संदर्भात. खाजगी नोकरीत 1976 चा समान वेतनाचा कायदा स्त्री-पुरुष भेदासाठी होता. दोन देशांतल्या माणसांच्या पगारांची तुलना या चौकटीत बसत नाही.

मग ऑफर हातात असताना काय करायचं? भाडं आणि हप्ते सांगून उपयोग नाही, कारण सूत्रात ती जागाच नाही. देशाचा गुणकही तुमच्या एकट्यासाठी बदलत नाही, तो सगळ्या देशाला लागू असतो. हलवता येण्याजोग्या दोनच गोष्टी उरतात: पट्ट्यातली जागा आणि लेव्हल. पहिलीसाठी दुसऱ्या कंपनीची लेखी ऑफर सगळ्यात चालते, विशेषतः दुसऱ्या रिमोट कंपनीची, कारण ती म्हणजे मार्केट रेटचाच पुरावा. वरच्या उदाहरणात 90 टक्क्यांवरून मध्यापर्यंत आलात तर 6,300 डॉलर वाढतात, म्हणजे साधारण सव्वापाच लाख रुपये. लेव्हलचं वजन याच्या दुप्पट आहे. समजा, सीनियरच्या खालच्या लेव्हलचा सॅन फ्रान्सिस्कोतला दर 1,20,000 आहे. त्याचे 42 टक्के म्हणजे 50,400. सीनियरचं काम करून खालच्या लेव्हलवर बसलात तर पट्ट्याच्या मध्यातच 12,600 डॉलरचा फरक पडतो, रुपयांत पावणेअकरा लाखांच्या जवळ. परदेशी कंपनीत शिरायला मिळतंय म्हणून खालची लेव्हल पटकन स्वीकारणारे आपल्याकडे खूप आहेत. टिअरवर चिडणारा माणूस लेव्हलवर गप्प बसतो, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

आणि सही करण्यापूर्वी एचआरला चार गोष्टी लेखी विचारा. भारत एकच टिअर आहे की शहरांप्रमाणे? पगार कोणत्या चलनात बांधला आहे, आणि विनिमय दर किती काळाने बदलतो? तक्ता शेवटचा कधी बदलला? आणि जागा बदलली तर काय होतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारात नीट वाचा. कित्येक करारांत स्वस्त जागी गेलात तर पगार आपोआप कमी होतो, आणि महाग जागी गेलात तर वाढीसाठी आधी परवानगी लागते.